कादंबरीच्या मध्यावर ध्येय बदलतं, मग पुढची पानं ओढत का जातात?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण झालाय, २४ प्रकरणं, साधारण ८० हजार शब्द. दोन मैत्रिणींना आणि एका मामांना वाचायला दिला, तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही आणि तिघांचंही म्हणणं एकच, सुरतपर्यंत हातातून सोडवत नाही आणि सुरतनंतर वाचवत नाही.

गोष्ट अशी. तालुक्याच्या गावातली विद्या, झेडपीच्या शाळेत शिक्षिका, वय ३४. भाऊ राजू तिथल्याच एका पतसंस्थेत रोखपाल. एका सकाळी तो कामाला म्हणून घरातून निघतो आणि पोचतच नाही. आठवड्याभरात कळतं की संस्थेत मोठा अपहार झालाय, सगळ्या व्हाउचरवर सह्या राजूच्या आहेत, ठेवीदार घराच्या दारात येऊन उभे राहायला लागतात. आई, वहिनी, वहिनीची लहान मुलगी आणि शेजारच्या पारूबाई, ज्यांनी मुलीच्या लग्नाचे पैसे तिथेच मुदत ठेवीत ठेवलेत. विद्या भावाला शोधायला लागते. बाराव्या प्रकरणात तो सुरतेला कपडा मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिताना सापडतो, नाव बदलून. तो सांगतो की सह्या माझ्या पण पैसे चेअरमनकडे गेले, माझ्या वाट्याला थोडेच आले, तू मला बघितलंस हे कुणाला सांगू नकोस.

म्हणजे आधीचा प्रश्न होता राजू कुठे आहे, जिवंत आहे का. तो संपला. आता विद्याचं ध्येय भावाला शोधणं नाही तर भावाला वाचवणं. मला वाटत होतं की मध्यावर प्रश्न बदलला, ध्येय बदललं, म्हणजे काम झालं. पण १३ ते १९ ही प्रकरणं मलासुद्धा आता वाचताना जड जातायत. आईचं आजारपण, वहिनीची नोकरी, शाळेतली तपासणी, सगळं आहे, पण काहीतरी सुटलंय. काय ते सांगाल का? परखड सांगा, चालेल.

तिसरी_घंटा

ताई, कथानक जबरदस्त आहे. मी हौशी रंगभूमीवाला, त्यामुळे माझ्या डोक्यात मध्य म्हणजे मध्यंतर. पहिला अंक पडदा पडताना असा संपला पाहिजे की माणूस बटाटेवडा खाता खाता सुद्धा पुढे काय होणार हेच बोलला पाहिजे. तुमच्याकडे राजू नुसता सापडतो, त्यात धक्का कमी पडतो. राजूबरोबर तिथे दुसरी बायको दाखवा किंवा चेअरमनच तिथे येऊन बसलेला दाखवा. बरोब्बर ५० टक्क्यांवर मोठा ट्विस्ट, मग बघा मागची पानं कशी पळतात.

स्वप्ना_डोंबिवली

मी पण अगदी मध्यातच अडकलेय हो, माझी १४० पानं झाली आणि पुढे हातच चालेना. रोज सकाळी उठून बसते, एक परिच्छेद लिहिते आणि खोडते. तुम्ही सगळे रोज किती शब्द लिहिता? पहाटे लिहिलेलं बरं की रात्री?

कोयनाकाठ

स्वप्नाताई, माझा प्रश्न लिहायला न होण्याचा नाहीये, लिहून झालंय, ते वाचवत का नाही हा आहे. पण तुमच्या १४० पानांत नायक-नायिकेला काय हवंय ते सांगितलंत तर इथली मंडळी नक्की बोलतील त्यावर.

घंटादादा, दुसरी बायको मी एकदा लिहून बघितली होती. धक्का बसला, पण त्यानंतरची प्रकरणं तशीच्या तशीच राहिली, एक ओळसुद्धा बदलावी लागली नाही.

खिळेजुळारी

ताई, तुम्ही शेवटी जे लिहिलंत ना, की एक ओळसुद्धा बदलावी लागली नाही, तिथेच उत्तर आहे. मी बरीच वर्षं हस्तलिखितं तपासायचं काम केलं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

मध्यावर नवी माहिती येणं वेगळं आणि नायिकेचा रस्ता बंद होणं वेगळं. माहिती वाचकाला चकित करते, दहा पानं पुरते. रस्ता बंद झाला की तिला दुसऱ्या दिवशी सकाळी काहीतरी वेगळं करावंच लागतं. म्हणून मी हस्तलिखितात नेहमी मध्याच्या प्रसंगानंतरची पहिली सकाळ काढून बघतो. तो प्रसंग झालाच नसता तर ती त्या सकाळी काय करत असती, आणि झाल्यावर काय करतेय? दोन्हीचं उत्तर सारखं आलं तर मध्य नुसता बातमीपुरता आहे.

तुमच्या तेराव्या प्रकरणात सकाळी विद्या काय करते?

कोयनाकाठ

सुरतहून रात्रीच्या गाडीने परत येते, अंघोळ करते, शाळेत जाते. आईला खोटं सांगते की काही पत्ता लागला नाही. मग आईचा बीपी वाढतो, दवाखाना वगैरे.

खिळेजुळारी

म्हणजे राजू सापडला नसता तरी ती अंघोळ करून शाळेतच गेली असती, आणि आईला पत्ता लागला नाही हेच सांगितलं असतं, फक्त खरं म्हणून.

आता दुसरी गोष्ट. तुम्ही म्हणता की ध्येय बदललं, शोधण्याऐवजी वाचवणं. पण ती शोधत का होती? वाचवायलाच ना? ध्येय तेच आहे, क्रियापद बदललंय. आणि वाचवणं म्हणजे तिने करायचं काय, तर गप्प बसायचं. सात प्रकरणं गप्प बसणारी नायिका वाचकाने का वाचावी?

एक उदाहरण घेतो, बऱ्याच जणांनी वाचलेलं, प्राईड अँड प्रेज्युडिस, १८१३. एकूण ६१ प्रकरणं. श्रीमंत डार्सी नायिका एलिझाबेथला पहिल्यांदा लग्नाची मागणी घालतो ते ३४ वं प्रकरण. म्हणजे घंटाराव, बरोब्बर ५० टक्के वगैरे नाही, थोडं पुढे आहे, त्याने काही बिघडत नाही. तोपर्यंत वाचकाचा प्रश्न काय असतो? हा गर्विष्ठ माणूस एलिझाबेथला अजून किती दुखावणार, आणि डार्सीने माझ्यावर अन्याय केला म्हणणाऱ्या विकमला न्याय मिळणार का. ती त्याला सणसणीत नकार देते. दुसऱ्या दिवशी तो पत्र हातात ठेवून जातो, ३५ वं प्रकरण जवळजवळ सगळं पत्रच आहे. पत्रात माहिती आहेच, विकमने डार्सीच्या लहान बहिणीला पळवून न्यायचा घाट घातला होता वगैरे. पण खरा मध्य आहे तो ३६ व्या प्रकरणात. तिथे बाहेर काहीच घडत नाही. ती पत्र वाचते, विश्वास ठेवत नाही, परत वाचते, आणि मग तिला आठवतं की विकमने पहिल्याच ओळखीत, एका परक्या मुलीला, आपलं सगळं घरगाऱ्हाणं सांगून टाकलं होतं आणि त्यात काही वावगं आहे हे आपल्याला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही. ते गाऱ्हाणं वाचकाने १६ व्या प्रकरणात वाचलेलं असतं, तिच्याच शेजारी बसून, आणि त्यालाही खटकलेलं नसतं.

प्रश्न बदलतो तो इथे. तो माणूस कसा आहे हा प्रश्न मागे पडतो, आपण माणसं ओळखण्यात इतके कच्चे असू तर आता कुणावर आणि कशावर विश्वास ठेवायचा हा प्रश्न पुढे येतो. आणि त्याचं बी पहिल्या भागात उघड्यावर पडलेलं होतं.

बिनशेवटाचा

खिळेजुळारी, वाचायला छान वाटतं, पण एलिझाबेथला ध्येय असं कुठे आहे? ती काही मिळवायला निघालेली नाहीच. नायकाला ध्येय हवं, ते मध्यावर बदलायला हवं, हे सगळं सिनेमाच्या पटकथेतून आलंय. 'कोसला'तल्या पांडुरंगला काय हवंय सांगा. काही नाही. धाकटी बहीण मनी जाते त्यानंतर पुस्तकाचा सूर बदलतो, वाचणारा हलून जातो, पण त्याचं कुठलं ध्येय बदललं? कोयनाकाठ यांनी आराखड्याच्या मागे लागून विद्याची चावीची बाहुली करू नये एवढंच म्हणणं आहे.

खिळेजुळारी

मुद्दा मान्य, आणि 'कोसला'वर मी हे लावणारही नाही. ती कादंबरी कुणाच्या हव्यासावर चालत नाही, पांडुरंगच्या बोलण्यावर चालते. एलिझाबेथचंही तुमचं बरोबर, ती काही मिळवायला निघालेली नाही, तिच्या बाबतीत ध्येयापेक्षा खात्री बदलते असं म्हणू. पण कोयनाकाठ यांनी पहिल्याच प्रकरणात एक माणूस घरातून नाहीसा केलाय. तिथे वाचकाशी करार झाला की इथे कुणीतरी काहीतरी शोधतंय. तो करार बाराव्या प्रकरणात पुरा होतो आणि त्याच्या जागी दुसरा येत नाही, म्हणून वाचक पुस्तक खाली ठेवतो. त्याचं काही चुकत नाही, त्याच्या दृष्टीने गोष्ट संपलीय.

बिनशेवटाचा

नाहीसा झालेला माणूस सापडल्यावर पुढे नुसतं जगणं उरतं, तेही लिहिण्यासारखं असतंच की. पण ठीक आहे, पुढे बोला, वाचतोय.

शब्दवेल्हाळ

मला यावरून दुसरं एक आठवलं. इकडे न्यू जर्सीत आमच्या वाचनगटात 'द ग्रेट गॅट्सबी' झाली, १९२५ ची. नऊ प्रकरणं आणि पाचव्यात गॅट्सबी आणि त्याची जुनी प्रेयसी डेझी यांची इतक्या वर्षांनी भेट होते, शेजारी निकच्या छोट्या घरात, बाहेर धो धो पाऊस. ही ताईंच्या कादंबरीला जास्त जवळची वाटते, कारण इथेही जे हवं होतं ते मध्यावर मिळून जातं. आणि गंमत म्हणजे (खरं तर गंमत नाही, वाईटच वाटतं) मिळाल्या मिळाल्या त्याची किंमत कमी होते. खाडीपलीकडचा तो हिरवा दिवा, ज्याच्याकडे तो इतके दिवस बघत होता, ती शेजारी येऊन उभी राहिल्यावर तो नुसता धक्क्यावरचा दिवा होतो. मग सहाव्या प्रकरणात कळतं की त्याला भेट पुरेशी नाहीच, डेझीने नवऱ्याला तोंडावर सांगायला हवंय की माझं तुझ्यावर कधीच प्रेम नव्हतं. म्हणजे मागणी वाढली आणि ती अशी वाढली की पुरी होणं शक्यच नाही. आमच्या गटात यावर बराच वाद झाला की याला ध्येय बदललं म्हणायचं की तेच ध्येय उघडं पडलं. मी दुसऱ्या बाजूची.

पाऊसपाणी

शब्दवेल्हाळ, +१. मला तर वाटतं चांगल्या मध्यात दोन्ही एकदम होतं. हवं ते मिळतं आणि मिळालं म्हणूनच कळतं की हवं होतं ते हे नव्हतं.

कोयनाकाठ, राजू सापडतो तेव्हा विद्याला काय वाटतं? आनंद, राग? आणि मला पारूबाई फार आवडल्या, तुम्ही एका ओळीत लिहिलंत तरी. मुलीच्या लग्नाचे पैसे म्हणजे किती जीव असतो त्यात. पुढच्या भागात त्या कुठे आहेत?

कोयनाकाठ

विद्याला आधी हायसं वाटतं आणि मग संताप येतो, कारण राजू सुरतेत बरा आहे, दोन वेळा जेवतोय, वजनसुद्धा वाढलंय. पारूबाई तिसऱ्या प्रकरणात येतात, दारात बसून राहतात, कुणाला काही बोलत नाहीत. पाचव्यात कळतं की पैसे तिथे ठेवा हे वहिनीनेच त्यांना सांगितलं होतं, राजूच्या संस्थेत व्याज जास्त मिळतं म्हणून. नंतर थेट एकविसाव्यात येतात, मुलीचं लग्न मोडतं तेव्हा.

खिळेजुळारी

पाऊसपाणी यांनी नेमकं बोट ठेवलं.

ताई, पैसे ठेवायला वहिनीने का सांगितलं? विद्याने का नाही?

कोयनाकाठ

वहिनीचा पारूबाईंशी जास्त घरोबा म्हणून. तसं काही खास कारण नाही.

खिळेजुळारी

मग तेवढं एक वाक्य विद्याच्या तोंडी द्या आणि काय होतं बघा. शाळेतली बाई, गावात शब्दाला वजन. पारूबाईंचे पैसे पोस्टात होते, विद्याने सांगितलं की राजूच्या संस्थेत ठेवा, आपल्या घरचं माणूस आहे तिथे. हे पाचव्या प्रकरणात येऊन जाऊ दे, अगदी सहज, वाचकाला तेव्हा ते फार लागायला नको, कारण तोपर्यंत तो राजूला शोधतोय. विकमचं गाऱ्हाणं तसंच पडून होतं ना, तसं.

आता सुरतेत राजू सांगतो की पैसे चेअरमनने खाल्ले आणि मला सगळं माहीत आहे. त्या क्षणी विद्याच्या हातात अशी गोष्ट येते जिच्यावर पारूबाईंचे पैसे अवलंबून आहेत. भावाला लपवलं तर पारूबाई बुडतात, ज्यांना तिनेच त्यात ढकललं. भावाला बोलता केला तर तो आत जातो, ज्याला शोधायला तिने सहा महिने घालवले. पहिल्या भागातलं ध्येय दुसऱ्या भागातल्या ध्येयाच्या आड येऊन उभं राहिलं पाहिजे. राजू कुठे आहे याच्या जागी प्रश्न येतो, विद्या स्वतःच्या भावाला साक्षीला उभा करणार का. याचं उत्तर हो किंवा नाही असं येतं, ती यात हरू शकते, आणि जिंकली तरी काहीतरी गमावते.

तिसरी_घंटा

हे एकदम पटलं. म्हणजे धक्का बाहेरून आणायचा नाही, तिच्याच जुन्या शब्दातून निघाला पाहिजे. पण मी तरी म्हणेन प्रसंग रंगला पाहिजे, नुसतं मनातल्या मनात नको.

खिळेजुळारी

रंगायला हवाच, घंटाराव. ३४ व्या प्रकरणातलं भांडण किती रंगलंय, नाटकात जसंच्या तसं होईल. पण भांडणानंतर ती एकटी बसून पत्र दोनदा वाचते तेही दाखवलंय. दोन्हींपैकी एक गाळलं की मध्य लंगडा होतो. बऱ्याच हस्तलिखितांत मी हे बघितलंय की प्रसंग मोठा असतो आणि त्याचा अर्थ पात्राला कळायला लेखकाने अर्धं पानही दिलेलं नसतं, लगेच पुढची गाडी पकडायची.

निवृत्त_लेखापरीक्षक

सहकार खात्यात होतो म्हणून लिहितो, कादंबरीतलं मला फार कळत नाही. आमच्या चुलतभावाचे पैसे एका पतसंस्थेत अडकले होते त्यामुळे घरातही हे बघितलंय. तुमच्या गोष्टीत दोन-तीन गोष्टी नीट हव्यात.

एक म्हणजे बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो तसा पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो. लोकांना हे पैसे बुडाल्यावरच कळतं. त्यामुळे पारूबाईंना वरून कुठून काही मिळेल ही आशा नाही, जे काही मिळायचं ते वसुलीतूनच. दुसरं, अशा प्रकरणात फिर्याद बहुतेक वेळा लेखापरीक्षक देतो, आणि कागदावर सही ज्याची त्याचं नाव आधी येतं. संचालकांवर जबाबदारी निश्चित करायची चौकशी असते, कलम ८८ ची, ती रेंगाळते. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा लागला तर मालमत्ता जप्त करता येते, पण जप्तीच्या आधी चेअरमनने जमीन दुसऱ्याच्या नावावर केली तर मग ती सोडवायला बरीच वर्षं जातात. आणि राजू माफीचा साक्षीदार होईल असं विद्याने किंवा तिच्या वकिलाने आधीच धरून चालू नये, ते कोर्ट ठरवतं.

खिळेजुळारी

साहेब, तुम्ही म्हणता कादंबरीतलं कळत नाही आणि दुसऱ्या भागाचं घड्याळ तुम्हीच देऊन टाकलंत. चेअरमन जमीन नावावरून काढायच्या बेतात आहे. म्हणजे विद्या जितके दिवस गप्प बसेल तितकी पारूबाईंच्या वसुलीची जमीन कमी होत जाणार. आता तिचं गप्प बसणंसुद्धा एक कृती झाली, प्रत्येक दिवसाला त्याची किंमत आहे.

शब्दवेल्हाळ

लेखापरीक्षक काका, मनापासून धन्यवाद, विम्याचं मला अजिबात माहीत नव्हतं, आईला आज फोन करून विचारणारे.

खिळेजुळारीकाका एक शंका. प्राईड अँड प्रेज्युडिसमध्येही पत्रानंतर लगेच फार काही घडत नाही ना? ती घरी परत येते, बहिणींच्या गप्पा, आईची कटकट, डार्सीच्या घरी पेम्बर्लीला जाते ते ४३ वं प्रकरण. मधली पाच-सहा प्रकरणं शांतच आहेत. तरी ती ओढत नाहीत. मग ताईंची १३ ते १९ का ओढतात?

खिळेजुळारी

फार चांगला प्रश्न, आणि इथेच लोक फसतात. मध्यानंतर लगेच धावपळ हवी असा समज असतो. शांतता चालते, पण तिच्यात दोन गोष्टी व्हायला हव्यात.

पहिली, नायिकेला जे कळलंय ते बाकी कुणाला माहीत नाही, त्यामुळे साधी गप्पासुद्धा दोन पातळ्यांवर ऐकू येते. घरी सगळे विकमबद्दल बोलतात आणि आपण एलिझाबेथकडे बघत असतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ४० व्या प्रकरणात ती थोरल्या बहिणीला, जेनला, सगळं सांगते आणि दोघी मिळून ठरवतात की विकमचं खरं रूप गावात सांगायचं नाही. त्या वेळी हा निर्णय शहाणपणाचा वाटतो, दयाळूपणाचासुद्धा, तो आता जाणारच आहे गावातून, कशाला बभ्रा. पुढच्याच प्रकरणात धाकट्या बहिणीला, लिडियाला, ब्रायटनला जायचं आमंत्रण येतं. एलिझाबेथ वडिलांना सांगून बघते की तिला पाठवू नका, पण खरं कारण सांगत नाही. आणि ४६ व्यात बातमी येते की लिडिया विकमबरोबर पळून गेली. म्हणजे मध्यानंतर नायिकेने घेतलेल्या पहिल्याच शांत निर्णयातून पुढचं संकट निघालं. शेवटाकडचं संकट आभाळातून पडलेलं नाही.

ताईंच्या खर्ड्यात विद्याकडे गुपित आहे, पण तिला कुणी विचारतच नाही, त्यामुळे तिला काही ठरवावं लागत नाही. आणि एकविसाव्यात लग्न मोडतं ते विद्याच्या कुठल्याही कृतीमुळे मोडत नाही. पारूबाईंना तेराव्या-चौदाव्यातच तिच्या समोर आणून उभं करा आणि सरळ प्रश्न विचारायला लावा. मग एकविसाव्यातलं मोडलेलं लग्न चौदाव्यातल्या उत्तराचं फळ होईल.

कोयनाकाठ

दोन दिवस इथे आले नाही, लिहीत होते. पाचव्या प्रकरणातलं वाक्य विद्याला दिलं आणि चौदावं नव्याने लिहिलं. एक तुकडा टाकते:

"पारूबाई आज दारात बसल्या नाहीत, आत आल्या. शाळेच्या वह्यांचा गठ्ठा बाजूला सरकवून त्यांनी पिशवीतून ठेवीची पावती काढली, घडीवर घडी घातलेली, आणि विद्यापुढे ठेवली.
'बाई, यावरची तारीख वाचा. मला नीट दिसत नाही.'
विद्याने वाचली. पुढच्या महिन्यातली.
'पोराकडची माणसं याद्या करायला येणारेत. त्यांना काय सांगू? तुमी गेल्ता ना शोधायला. लागला का काय माग?'
विद्याने पावतीची घडी होती तशीच घातली. दोनदा चुकली.
'नाही लागला,' ती म्हणाली. 'पण सांगा त्यांना, पैसे होतील.'
'तुमी म्हनताय तर सांगते,' पारूबाई म्हणाल्या."

आधीच्या खर्ड्यात ती नुसतं खोटं बोलून गप्प बसत होती. लिहिता लिहिता 'पैसे होतील' हे तिच्या तोंडून आपोआप आलं आणि मला एकदम दिसलं की आता पुढे काय. तिने दुसऱ्यांदा शब्द दिलाय. आता पंधराव्यात तिला चेअरमनकडे जावंच लागतं.

पाऊसपाणी

बाप रे. 'तुमी म्हनताय तर सांगते' याने काटा आला अंगावर. हेच तर पारूबाई पोस्टातून पैसे काढताना पण म्हणाल्या असतील ना?

कोयनाकाठ

हो, पाचव्यात तेच वाक्य आहे. तिथे नुसतं येऊन जातं.

बिनशेवटाचा

तुकडा चांगला आहे, मनापासून सांगतो. माझी भीती थोडी कमी झाली, कारण इथे विद्या आराखड्याने बोलत नाहीये, माणसासारखी बोलतेय, घाबरून जास्तीचं आश्वासन देऊन बसतेय. तरी एक विनंती. आईच्या आजारपणाची आणि शाळेच्या तपासणीची प्रकरणं सगळी काढून टाकू नका. प्रत्येक पान प्रश्नाला जुंपलं की पुस्तकात हवाच राहत नाही.

खिळेजुळारी

काढू नका, पण प्रत्येकाला विचारून बघा की विद्याला जे माहीत आहे त्याने या प्रसंगात काही हलतं का. शाळेच्या तपासणीत चेअरमन पाहुणा म्हणून आला असेल, हार घालायला तिलाच सांगितलं असेल, तर ते प्रकरण राहील. आईचं आजारपण राहील जर आई तापात राजूला हाक मारते आणि विद्या तेव्हाही सांगत नाही. वहिनीच्या नोकरीचं मात्र मला अजून कारण दिसत नाही, ते बहुधा तुमच्या दुसऱ्या कुठल्यातरी कादंबरीतलं आहे.

तिसरी_घंटा

माझा एक प्रश्न राहतोच. राजूला सुरतेतच ठेवायचं की विद्याने त्याला तेराव्यातच बरोबर आणायचं? माझ्या मते आणा. घरात माळ्यावर लपवलेला भाऊ आणि खाली ओटीवर पारूबाई, काय प्रसंग होतील.

शब्दवेल्हाळ

मला उलट वाटतं. तो लांब असला की प्रत्येक फोन हा विद्याचा निर्णय होतो. घरात आला की वहिनी, आई सगळ्यांना कळणार आणि गुपित वाटलं जाणार, मग तिच्या एकटीवर काही राहणार नाही.

निवृत्त_लेखापरीक्षक

घरात आणला तर फरारी आरोपीला आसरा दिल्याचा प्रश्न उभा राहू शकतो, आणि विद्या सरकारी पगारावर. बहीण म्हणून कायदा काय धरेल ते एखाद्या वकिलाला विचारून घ्या.

कोयनाकाठ

वकिलांना विचारते काका. मी सध्या त्याला सुरतेतच ठेवलाय, पण घंटादादांचा माळा डोक्यातून जात नाहीये. कदाचित अठराव्यात तो स्वतःहून येईल, न बोलावता, जेव्हा विद्याने त्याचं नाव द्यायचं ठरवलेलं असेल आणि त्याला ते माहीत नसेल.

स्वप्ना_डोंबिवली

सगळा धागा वाचला. माझी नायिका आईचं घर विकू नये म्हणून धडपडतेय, आणि १४० व्या पानावर घर विकायचं रद्द होतं. मला वाटत होतं माझा लिहिण्याचा मूड गेलाय. तिला हवं ते मिळून गेलंय हो. खिळेजुळारीकाका, वेगळा धागा काढू का?

खिळेजुळारी

काढा. आणि त्यात पहिल्यांदा हे लिहा की घर राहिल्यामुळे त्या घरातलं कुणाचं काय बुडालं.